धार्मिक संग्रहावरच्या फेलोशिपचा अंतिम अहवाल: अडचणींपासून सुरुवात करा

अहवालाचा पहिला मसुदा अडचणींच्या भागापासून लिहा. निष्पत्ती आणि पुढची दिशा दोन्ही त्यातूनच ठरतात.

समजा, एका धर्मसंस्थेच्या संग्रहातली 40 खोकी पाहायची ठरली होती आणि 26 पाहून झाली. ‘काही कागद मिळाले नाहीत’ एवढ्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. उरलेल्या 14 खोक्यांची कारणे वेगळी करा: 9 खोक्यांत हयात व्यक्तींची खासगी पत्रे असल्याने ती बंद होती, 5 बुरशीमुळे दुरुस्तीला गेली होती. मग या उणिवेने निष्कर्षावर काय परिणाम झाला, ते लिहा. खासगी पत्रे बंद असतील तर हाती उरतात बहुधा संस्थेचे अधिकृत ठराव आणि हिशेब. म्हणजे तुमचे निष्कर्ष संस्थेच्या निर्णयांबद्दल आहेत, माणसांच्या श्रद्धेबद्दल नाहीत. हे वाक्य स्पष्ट लिहाच. माझ्या मते अख्ख्या अहवालात ते सर्वांत मोलाचे असते.

निष्पत्तीत छापून आलेले, स्वीकारलेले आणि नुसते पाठवलेले लेख वेगवेगळे दाखवा. तुम्ही केलेली खोक्यांची सूचीही निष्पत्तीच आहे, पण ती संग्रहाकडे सोपवली का, तेही नोंदवा. छायाचित्रे छापायची लेखी परवानगी नसेल तर ती जोडू नका.

पुढची दिशा त्या 14 खोक्यांशी जोडा. दुरुस्तीची 5 लवकर उघडतील, ती पाहायला संग्रहाला पुन्हा छोटी भेट देण्याची मागणी करा. बंद 9 खोक्यांवर मात्र नवा प्रस्ताव उभा करू नका. आधी संग्रहपालांकडून ती खुली होण्याची तारीख लेखी घ्या.