‘म्हणून’च्या पोटात काय दडलंय?

युक्तिवादाचं विश्लेषण शिकायला लागलो तेव्हा पहिली ठेच शब्दालाच लागली. वॉरंट म्हटलं की आधी पोलीस आठवतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी १९५८ साली जी मांडणी केली, तिच्यात वॉरंट म्हणजे परवाना: या माहितीवरून त्या निष्कर्षावर जायचा परवाना. लेखकाला जे पटवायचंय तो दावा, त्यासाठी त्याने पुढे केलेली माहिती तो आधार, आणि दोघांना जोडणारा नियम तो वॉरंट. मी वहीत त्याला ‘दुवा’ लिहायचो, इथेही तेच लिहितो.

भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायशास्त्राची थोडी ओळख असेल तर हे फार परकं वाटणार नाही. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, आणि जिथे धूर तिथे आग. यातल्या शेवटच्या नियमाला न्यायात व्याप्ती म्हणतात, आणि ती म्हणजे जवळजवळ दुवाच. फरक असा, की व्याप्तीला अपवाद चालत नाही, दुवा मात्र ‘बहुतेक वेळा’ एवढ्यावरही उभा राहतो. शिवाय न्यायाच्या मांडणीत व्याप्ती उदाहरणासकट बोलून दाखवावी लागते. आपल्या रोजच्या लिखाणात ती कुणी लिहीतच नाही. ‘म्हणून’ लिहिलं की झालं, बाकीचं वाचकाने समजून घ्यायचं.

सुरुवातीला ज्या उताऱ्यावर मी चांगलाच आपटलो, तो साधारण असा होता:

‘वाचनालय जुने असून त्याचे सभासद सर्व वयोगटांतील आहेत. जानेवारीपासून ते सहाऐवजी रात्री नऊपर्यंत उघडे ठेवण्यात येऊ लागले. डिसेंबरमध्ये १२०० पुस्तके घरी नेली गेली होती, मार्चमध्ये १५०० गेली. त्यामुळे वाढीव वेळ कायम ठेवावी.’

दावा सापडायला वेळ लागत नाही: वाढीव वेळ कायम ठेवावी. आधार म्हणजे वेळ वाढवली ही घटना आणि १२०० वरून १५०० हा आकडा. पहिलं वाक्य नुसती पार्श्वभूमी आहे, ते खोडलं तरी युक्तिवादाचं काही बिघडत नाही. इथवर मी बरोबर होतो.

दुव्याच्या जागी मी लिहिलं, ‘वाचन ही चांगली सवय आहे.’ शिक्षकांनी शेजारी दोनच शब्द लिहिले: ‘मत आहे.’ वाक्य खरं होतं, उताऱ्याच्या विषयाचंही होतं, पण आधारावरून दाव्यावर ते नेत नव्हतं. वाचन चांगलं असूनही वाचनालय सहाला बंद करता येतंच की.

दुसऱ्या वेळी मी हुशारी केली: ‘पुस्तकांची देवघेव १२०० वरून १५०० झाली, तर वाढीव वेळ कायम ठेवावी.’ हे चुकीचं ठरवता येत नाही, पण त्यात नवीन काहीच नाही. आधार आणि दावा यांच्यामध्ये ‘तर’ चिकटवला, एवढंच. दुवा नियमासारखा हवा. म्हणजे त्यातून हे वाचनालय, हे महिने, हे आकडे काढून टाकले तरी तो उरला पाहिजे आणि दुसऱ्या वाचनालयालाही लावता आला पाहिजे.

मग मी उलट्या टोकाला गेलो: ‘ज्या बदलानंतर आकडा वाढतो, तो बदल कायम ठेवावा.’ नियम झाला खरा, पण इतका ऐसपैस की उताऱ्याच्या लेखकालाही तो मान्य होणार नाही. उशिरा परत केलेल्या पुस्तकांचा दंड वाढवला आणि जमा रक्कम वाढली, तर दंड तसाच ठेवायचा का? लेखकाच्या डोक्यात असला नियम टाकून मग त्यालाच हाणणं सोपं असतं, पण तो त्याचा दुवा नव्हे. नवखे इथे सर्रास घसरतात, कारण ऐसपैस दुवा सापडला की उतारा खोडून काढल्याचा आनंद मिळतो.

मला वाट सापडली ती शब्दांवरून. कागदाच्या डावीकडे आधारातले शब्द लिहायचे, उजवीकडे दाव्यातले. जो शब्द फक्त उजवीकडे आहे, तो दुव्यातून आलेला असणार. दुसरीकडून येणार कुठून? इथे उजवीकडे ‘ठेवावी’ आहे. डावीकडे सगळं ‘झालं’, ‘गेली’. घडलेल्या गोष्टींवरून ‘करावं’वर उडी मारायची, तर काय चांगलं हे ठरवणारा नियम मध्ये लागतोच. तो असा लिहिता येईल: ज्या बदलामुळे वाचनालयाचा वापर वाढतो, तो खर्च झेपत असेल तर कायम ठेवावा.

हे लिहिल्यावर माझ्याच वाक्यातला एक शब्द खटकला. ‘बदलामुळे’. आधारात ‘मुळे’ कुठे आहे? तिथे आधी वेळ वाढली आणि नंतर आकडा वाढला, एवढंच आहे. म्हणजे या एका ‘त्यामुळे’त दोन उड्या आहेत. पहिली, ‘नंतर’वरून ‘मुळे’वर. दुसरी, ‘मुळे’वरून ‘ठेवावी’वर. मधला दावा, म्हणजे वाढीव वेळेमुळे देवघेव वाढली हा, लेखकाने लिहिलेलाच नाही. पहिल्या उडीचा दुवा वेगळा लिहावा लागतो: एखाद्या बदलापाठोपाठ वापर वाढला आणि दुसरं ठळक कारण दिसत नसेल, तर ती वाढ बहुधा त्या बदलाची. दोन्ही उड्या एकाच वाक्यात कोंबल्या की दुवा धूसर होतो आणि नेमकं काय तपासायचं ते कळेनासं होतं.

सापडला तो दुवाच आहे ना, हे मी नकार देऊन बघतो. आधार खरा धरायचा, दुवा नाकारायचा आणि दावा टिकतो का ते पाहायचं. ‘वापर वाढला म्हणून बदल ठेवायलाच हवा असं काही नाही’ म्हटल्यावर १५०० हा आकडा खरा असूनही मुका होतो. म्हणजे दुवा बरोबर. ‘वाचन चांगली सवय नाही’ असं म्हणून बघा. वाचनालयाचं काम पुस्तकं देणं आहे, तेवढ्यावर युक्तिवाद चालूच राहतो. म्हणून ते पहिलं उत्तर बाद.

आणखी एक घोळ व्हायचा. ‘मार्चच्या आसपास परीक्षा नव्हत्या’ यासारखं वाक्य मी दुवा म्हणून लिहायचो. ते नियम नाही, ती न सांगितलेली माहिती आहे. पहिला दुवा इथे लागू पडतो की नाही, हे तिच्यावर ठरतं. ओळखायची खूण सोपी: त्याची शहानिशा नोंदवही किंवा दिनदर्शिका उघडून करता येत असेल तर ती माहिती. ‘वापर वाढवणारा बदल ठेवावा’ हे कुठल्या नोंदवहीत सापडणार?

दोन्ही दुवे वेगळे झाले की उताऱ्याला विचारायचे प्रश्नही वेगळे होतात. दुसऱ्या दुव्याला विचारायचं, की तीन तासांच्या दिवे-पगाराचा खर्च झेपतोय का. पहिल्यासाठी देवघेवीच्या नोंदीतली वेळ बघायची. मार्चमधली जास्तीची ३०० पुस्तकं सकाळीच गेली असतील, तर रात्री नऊपर्यंतच्या दिव्यांचा त्यांच्याशी थेट संबंध दाखवणं लेखकाला जड जाईल. संध्याकाळी सहानंतर गेली असतील, तर पहिली उडी बरीच भक्कम झाली; पूर्ण नाही, कारण जे आधी पाचला येत होते तेच आता सातला येत असतील. ते कळायला सहाच्या आधीचा आकडा घटला का, हेही पाहावं लागतं.