परीक्षेच्या दिवसांत फोनबंदीची सूचना पालकांच्या ग्रुपवर कशी टाकावी

तारखा, वेळ आणि शाळेचा नियम हाताशी घ्या. दहावी-बारावीला यात ओढू नका, त्यांना बोर्डाचे नियम असतात. ही सूचना पाचवी ते नववीच्या वार्षिक परीक्षेसाठी आहे.

सूचना मजकूर म्हणूनच टाका. लेटरहेडचा फोटो पाठवला की तो अर्धे पालक उघडत नाहीत, आणि ऑटोवाल्या काकांना त्यातली एकच ओळ पाठवायची म्हटली तर कॉपी होत नाही. 'सर्व सुज्ञ पालकांस सविनय' वगैरे गाळा. व्हॉट्सअ‍ॅप लांब संदेशाचा पुढचा भाग दडवतं आणि तेवढ्यासाठी बोट लावायला कोणी बसलेलं नसतं. त्यामुळे पहिल्याच ओळीत वर्ग, तारखा आणि नियम आले पाहिजेत. एप्रिलची परीक्षा असेल तर १४ तारखेची सुट्टीही लिहा, नाहीतर १३ च्या रात्री विचारणा सुरू होते.

आता खरी कसोटी. नियम लिहायला एक ओळ पुरते, घाम काढते ती सवलतीची ओळ. बहुतेक सूचनांत ती अशी असते: 'शक्यतो मोबाईल आणू नये. अपरिहार्य कारण असल्यास वर्गशिक्षकांना कळवावे.' ही दोन वाक्यं म्हणजे सताड उघडं फाटक. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, "मॅडम, आमचं अपरिहार्यच आहे न!" आणि ते खोटंही नसतं. आई सीताबर्डीला नोकरीवर, पेपर साडेदहाला सुटतो, मुलगी तिथूनच नंदनवनला ट्यूशनला जाते, आणि ऑटो कधी वेळेवर येतो तर कधी नाही. तिच्या दप्तरातला फोन खेळायला नसतो, ऑटो आला नाही तर आईला सांगायला असतो.

म्हणून 'कारण' हा शब्दच काढून टाका. कारण कोणाचं मोठं हे ठरवायला बसलात की दिवस संपला. त्याऐवजी फोन कोणाकडे, किती वाजता, कोणत्या स्थितीत द्यायचा आणि परत कधी मिळेल, एवढंच लिहा. चिठ्ठी लिहून पावणेसातला कार्यालयात जायचं म्हटलं की ज्यांना खरंच गरज आहे तेवढेच उरतात. बाकीच्यांसाठी मुलाला शाळेतून घरी फोन करता येईल अशी सोय त्याच सूचनेत द्या. ही ओळ नसेल तर बंदी कागदावरच राहते.

'सायलेंट' लिहू नका, 'पूर्ण बंद' लिहा. सायलेंटवरच्या फोनचाही अलार्म वाजतो, तोही कार्यालयात ताटकळलेल्या पालकांसमोर. स्मार्टवॉचचं नाव घ्या, नाहीतर "घड्याळ म्हणजे फोन थोडीच" हा वाद ठरलेला. आणि जी शिक्षा शाळा देणार नाही ती लिहू नका. 'परीक्षेस बसू दिले जाणार नाही' असं सातवीच्या मुलाला धमकावता, पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक त्याला बसवतात (बरोबरच करतात), आणि त्यानंतर तुमची सूचना कोणी मनावर घेत नाही.

सकाळी ७ ते १०.३० च्या पेपरसाठी मी अशी लिहीन:

"इयत्ता ७ वी, वार्षिक परीक्षा, ६ ते १८ एप्रिल (१४ ला सुट्टी): शाळेत फोन आणि स्मार्टवॉच आणायचे नाही.
फोन द्यावाच लागत असेल तर पालकांच्या सहीची चिठ्ठी लावून, पूर्ण बंद करून, सकाळी ६.४५ पर्यंत कार्यालयात जमा करावा. पेपर सुटल्यावर विद्यार्थ्याला परत मिळेल.
जमा न केलेला फोन सापडल्यास तो कार्यालयात ठेवला जाईल आणि पालकांना सही घेऊन परत दिला जाईल. पेपर थांबवला जाणार नाही.
ऑटो किंवा व्हॅन आली नाही तर विद्यार्थ्याला कार्यालयातून घरी फोन करता येईल. ११.३० पर्यंत कार्यालयात कोणीतरी असेल. तातडीच्या निरोपासाठी पालकांनीही कार्यालयाच्याच क्रमांकावर फोन करावा."

शेवटी तो क्रमांक लिहा, शिक्षकांचा खाजगी नव्हे. ११.३० ची वेळ टाकण्याआधी कार्यालयातल्या बाबूंना विचारा. ते अकरालाच कुलूप लावत असतील तर सोय खोटी ठरते.

मुख्याध्यापकांची मान्यता घ्या. पहिल्या पेपरच्या दोन-तीन दिवस आधी, संध्याकाळी आठच्या सुमारास टाका. टाकण्यापूर्वी ग्रुप फक्त अ‍ॅडमिनपुरता करा आणि सकाळी पुन्हा उघडा, नाहीतर 'ओके मॅडम'च्या रांगेखाली सूचना गाडली जाते. मग ती पिन करा. तिथे २४ तास, ७ दिवस आणि ३० दिवस असे पर्याय येतात. परीक्षा दोन आठवड्यांची आहे, तेव्हा ३० निवडा आणि शेवटच्या पेपरनंतर हातानेच काढून टाका.