दारू पिणाऱ्याचा लिव्हर रिपोर्ट: एसजीओटी, जीजीटी आणि एमसीव्ही एकत्र वाचताना या चुका टाळा

रुग्ण ४४ वर्षांचा, वेल्डिंगचं काम करणारा. गेली दहा-बारा वर्षं रोज एक क्वार्टर, कधी दीड. आपल्याकडच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमधून सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. पुरुषासाठी रोज एवढं पिणं हे भरपूर पिण्यातच मोडतं. तक्रारी दोनच होत्या: भूक लागत नाही आणि सकाळी उठल्यावर हात थरथरतात.

रिपोर्टमध्ये लिव्हरची एन्झाइम एसजीओटी १३८, एसजीपीटी ५२ आणि जीजीटी ४१२, शिवाय बिलिरुबिन १.४ आणि अल्ब्युमिन ३.४. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन १२.१, प्लेटलेट १ लाख १८ हजार आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, १०४ फेम्टोलीटर. सोबत आलेल्या भावानं कागद हातात घेतला आणि म्हणाला, "डॉक्टर, एसजीपीटी तर थोडंच वाढलंय. म्हणजे लिव्हर तसं बरं आहे ना?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की सुरुवात तिथूनच करतो.

एसजीपीटी कमी दिसलं म्हणून निर्धास्त होणं

काविळीच्या साथीमुळे लोकांच्या मनात एक समज पक्का बसला आहे: एसजीपीटी हाच लिव्हरचा खरा आकडा. विषाणूच्या काविळीत ते बरोबरही आहे, तिथे एसजीपीटी हजाराच्या पुढे जातं. दारूत मात्र नेमकं उलटं होतं, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण बी-६ जीवनसत्त्व. दोन्ही एन्झाइमना काम करायला ते लागतं, पण ते कमी पडलं की एसजीपीटी जास्त खाली येतं. भरपूर पिणाऱ्याचं जेवण तुटपुंजं असतं आणि दारूमुळे शरीरातलं बी-६ झपाट्यानं कमी होतं. त्यामुळे पेशी मरत असल्या तरी एसजीपीटी वर चढत नाही. दुसरं कारण मायटोकाँड्रिया. एसजीओटीचा मोठा साठा पेशीतल्या या भागात असतो आणि दारूचा घाव तिथेच बसतो, म्हणून एसजीओटी जास्त सांडतं. एक आकडा दाबलेला आणि दुसरा उसळलेला, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर वाढतं. या रुग्णात १३८ भागिले ५२, म्हणजे सुमारे २.६५. गुणोत्तर २ च्या पुढे गेलं की दारूचा संशय बळावतो. साध्या फॅटी लिव्हरमध्ये ते बहुधा १ च्या खाली राहतं.

म्हणजे भावाला जो आकडा दिलासा देत होता, तोच आजाराची खूण होता.

गुणोत्तर कुठेही लावणं

हे समजलं की माणसं प्रत्येक रिपोर्टवर भागाकार करू लागतात. एसजीओटी २२ आणि एसजीपीटी ९ असेल तर गुणोत्तर २.४ येतं, पण दोन्ही आकडे नॉर्मल असताना त्याला काही अर्थ नाही. आधी एसजीओटी वाढलेलं हवं, मग भागाकार.

वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. निव्वळ दारूनं एसजीओटी सहसा ३०० च्या पुढे जात नाही आणि ४०० च्या वर तर क्वचितच. ते ५००, ८०० असं आलं तर "पितो ना, मग वाढणारच" म्हणून फाइल बंद करू नका. त्यावर आणखी काहीतरी घडलं आहे. मी पहिला प्रश्न पॅरासिटामॉलचा विचारतो. अंग दुखतं, डोकं जड होतं म्हणून रोज तीन-चार गोळ्या घेणारे बरेच असतात, आणि रोज पिणाऱ्याचं लिव्हर ज्या डोसला इतरांना काही होत नाही त्यालाही दगा देऊ शकतं. त्यानंतर विषाणूची कावीळ आणि रक्तदाब खूप खाली गेल्यामुळे लिव्हरचा तुटलेला रक्तपुरवठा तपासायचा.

पावसाळ्यात आणखी एक फसगत होते. डेंग्यूतही एसजीओटी हे एसजीपीटीच्या वर जातं आणि प्लेटलेट पडतात. पिणारा माणूस तापानं फणफणत आला, एसजीओटी २१०, एसजीपीटी ९५, प्लेटलेट ६० हजार, तर गुणोत्तर २.२ बघून सगळं दारूवर ढकलणं सोपं असतं. ताप कधी सुरू झाला ते विचारा आणि डेंग्यूची तपासणी करा.

एसजीओटी फक्त लिव्हरचं नाही हेही ध्यानात हवं. ते स्नायूंत आणि लाल पेशींतही असतं. रुग्णाला फिट आली असेल, तो पडून रात्रभर एका कुशीवर राहिला असेल किंवा अंगमेहनतीचं भारी काम केलं असेल, तर वाढलेलं एसजीओटी स्नायूंतून आलेलं असू शकतं. शंका असेल तर सीपीके, म्हणजे स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी, करून घ्या. रक्त काढताना पेशी फुटल्या असतील तर लॅब रिपोर्टवर तसं लिहिते. तो शेरा असेल तर नमुना पुन्हा द्यावा.

जीजीटीला साक्षीदार न मानता थेट आरोपी ठरवणं

जीजीटी ४१२ बघून कोणालाही दारूच आठवेल, आणि इथे ते बरोबर होतं. पण जीजीटी वाढायला कारणं पुष्कळ आहेत: लठ्ठपणा, मधुमेह, फॅटी लिव्हर, पित्तनलिकेतला खडा आणि काही औषधं. उलट, भरपूर पिणाऱ्या बऱ्याच जणांचं जीजीटी नॉर्मलही असतं. त्यामुळे जीजीटी वाढलं नाही म्हणून पीत नाही, असंही म्हणता येत नाही.

सगळ्यांत वाईट सापळा फेनिटॉइनचा. फिटवर दिलं जाणारं हे औषध लिव्हरला जीजीटी जास्त बनवायला लावतं. हेच औषध फोलेटच्या वापरात आडवं येतं, त्यामुळे लाल पेशी मोठ्या होतात. दारूच्या तीन खुणांपैकी दोन, एकाच गोळीमुळे! थेंबही न घेणाऱ्या तरुणाला घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून चोरून पिणारा ठरवलं, असं मी स्वतः पाहिलं आहे. त्याचं जीजीटी १९० होतं आणि एमसीव्ही १०२. पण एसजीओटी २८ आणि एसजीपीटी ३१ होतं, आणि तिथेच सुटका होती. जीजीटी आणि एमसीव्ही दोन्ही वर, पण एसजीओटी नॉर्मल, अशी जोडी दिसली की आधी औषधांची पिशवी मागवा. तिन्ही खुणा एका दिशेला जात असतील तेव्हाच एकमेकींना बळ देतात.

एमसीव्हीचा अर्थ बी-१२ न बघता लावणं

दारू अस्थिमज्जेवर थेट परिणाम करते आणि लाल पेशी थोड्या मोठ्या होतात. एमसीव्ही साधारण १०० ते ११० च्या दरम्यान राहतो. तो ११५ च्या पुढे गेला तर मी एकट्या दारूवर विश्वास ठेवत नाही. आपल्याकडे शाकाहारी माणसात बी-१२ ची कमतरता इतकी जास्त दिसते की हा प्रश्न टाळताच येत नाही. इथेही एक खाच आहे: लिव्हर खराब असताना रक्तातलं बी-१२ खोटंच चांगलं दिसू शकतं, कारण लिव्हरमधला साठा बाहेर सांडत असतो. म्हणून स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगावं. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा खंड दिसले तर बी-१२ किंवा फोलेटची कमतरता आहे. दारूच्या मोठ्या पेशी गोल असतात आणि ही खूण तिथे नसते.

उलट बाजूही आहे. लोह कमी असेल किंवा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर पेशी मुळातच लहान असतात. पेशी लहान करणारं कारण आणि मोठ्या करणारी दारू एकत्र आली की सरासरी मध्येच कुठेतरी, ९० च्या आसपास, येऊन बसते आणि रिपोर्ट साफ दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतला फरक दाखवणारा आकडा, वाढलेला असतो. पोटातून रक्त जात असेल तर हे हमखास होतं, म्हणून काळी शौच होते का ते विचाराच.

तिन्ही आकडे एकाच वेळी उतरायला हवेत, ही अपेक्षा

या वेल्डरला घरी दारू बंद करायला सांगितलं नाही. हात थरथरतात म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसानं एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होऊ शकतो. त्याला भरती केलं, थायमिन सुरू केलं आणि थरथर आटोक्यात ठेवायची औषधं दिली. तीन आठवड्यांनी तपासणी केली तेव्हा एसजीओटी ४४, एसजीपीटी ४१, जीजीटी २२० आणि एमसीव्ही १०३ आला.

बायको एकटी आत आली आणि खाली बसायच्या आधीच म्हणाली, "लपवू नका डॉक्टर. पुन्हा प्यायला लागलेत ना? दोन आकडे अजून लालच आहेत."

मी म्हटलं, "ताई, तीन आठवड्यांत हे दोन आकडे नॉर्मलला येऊच शकत नाहीत." मग कागदावर लिहून दाखवलं. एसजीओटी रक्तात निम्मं व्हायला १७-१८ तास लागतात. गळती थांबली की ते थोड्या दिवसांत उतरतं. जीजीटी निम्मं व्हायला साधारण दोन ते साडेतीन आठवडे लागतात, म्हणून ४१२ वरून २२० हा उतार अगदी ठरल्यासारखा होता. लाल पेशी मात्र १२० दिवस जगते. तीन आठवड्यांत जेमतेम सहावा हिस्सा पेशी नव्या येतात, उरलेल्या सगळ्या पिण्याच्या दिवसांत जन्मलेल्या. एमसीव्ही १०३ हा त्याच्या मागच्या चार महिन्यांचा हिशेब होता, त्या आठवड्याचा नाही. तो माणूस बाहेर बाकावर बसला होता आणि त्यानं खरंच सोडली होती. आपल्यावर विश्वास नाही म्हणून तो त्या दिवशी पुन्हा बाटलीकडे वळला असता तर दोष रिपोर्ट वाचणाऱ्याचा असता.

हीच गोष्ट उलट्या बाजूनंही कामाला येते. जीजीटी २२० वरून पुढच्या वेळी ३५० झालं, तर एमसीव्ही अजून हलला नसला तरी जीजीटीवर विश्वास ठेवून शांतपणे विचारायला हवं. आणि महिन्यातून दोन-तीन दिवस भरपूर पिणाऱ्यात तिन्ही आकडे नॉर्मल असू शकतात.

चार महिन्यांनी एसजीओटी २९, एसजीपीटी ३०, जीजीटी ५२ आणि एमसीव्ही ९६. घरात पेढे वाटले. मी मात्र त्याच कागदावर प्लेटलेट शोधत होतो. ते १ लाख २२ हजार होते, जवळजवळ जागच्या जागी. दारूनं मज्जेवर आणलेलं दडपण आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतं आणि प्लेटलेट वर येतात. तसे आले नाहीत, म्हणजे लिव्हरमध्ये जखमेचे व्रण साचून प्लीहा वाढल्याची आणि तिथे प्लेटलेट अडकत असल्याची शक्यता होती. एसजीओटी, जीजीटी आणि एमसीव्ही पिण्याबद्दल आणि चालू गळतीबद्दल सांगतात, लिव्हर किती कडक झालं आहे ते सांगत नाहीत. म्हणून त्याच दिवशी रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन लिहून दिलं.