भाजल्या-कापल्यावर काय करावे: आशाताईंसाठी आठ ओळी

नागपूर जिल्ह्यातील आशाताईंच्या प्रशिक्षणात असे दिसते की प्रथमोपचाराच्या पायऱ्या पाठ असतात, पण क्रम आणि मिनिटे ऐन वेळी आठवत नाहीत. त्यासाठी दोन्ही यमकात बांधून घ्यावीत.

भाजता क्षणी अंग धर पाण्याखाली,
मोज वीस मिनिटे, मग म्हण वेळ झाली.
बांगडी-अंगठी काढ सूज येण्याआधी,
तूप, टूथपेस्ट नको, वाढेल व्याधी.

कापले तर दाब स्वच्छ फडके धरून,
दहा मिनिटे पाहू नको ते उचलून.
भिजली जरी घडी, ती काढू नको बाई,
वर दुसरी ठेव, दाब सोडू नको, ताई.

म्हणताना कृतीही करून घ्यावी. मनगटावर उकळते वरण सांडले असे समजून एकीने पाणी ओतावे आणि दुसरीने त्याच वेळी बांगड्या उतरवाव्यात, कारण वीस मिनिटे संपेपर्यंत थांबल्यास सुजलेल्या हातातून त्या निघत नाहीत. मे महिन्यात छतावरील टाकीचे पाणी नळातून कढत येते, म्हणून माठातले किंवा विहिरीचे पाणी घ्यावे. बर्फ मात्र लावू नये. नंतर फोड न फोडता स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकावे.

सावधगिरी एकच: भाजलेला भाग रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठा असल्यास, चेहरा भाजल्यास किंवा दहा मिनिटे दाबूनही रक्त न थांबल्यास, उपचार चालू ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.