गाळ्यात जागा एकाच मशीनची: दोन कोटेशनं समोर ठेवण्याआधीची तयारी

भांडुपमधला एक गाळा धरू. पुठ्ठ्याची खोकी बनतात, चालवणारे दोघे भाऊ. डाय-कटिंगचं नवं मशीन घ्यायचंय, पण जागा एकाचीच, म्हणजे एक घेतलं की दुसरं बाद. छोटं मशीन 10 लाखांचं, तीन वर्षं चालेल, दरवर्षी 5 लाख हाती देईल. मोठं 24 लाखांचं, सहा वर्षांचं, दरवर्षी 7 लाख देईल.

पहिलं काम, हे 5 आणि 7 लाख नीट तपासून घ्या. वीज, कारागिरांचा पगार, देखभाल आणि आयकर वजा झाल्यावर उरलेली रक्कम हवी. कर्जाचा हप्ता आणि व्याज मात्र त्यातून वजा करू नका. पैशाची किंमत डिस्काउंट रेटमध्ये, म्हणजे पुढच्या रकमा आजच्या भावात आणायच्या वार्षिक दरात, धरलेलीच असते; इथेही वजा केली तर ती दोनदा कापली जाते. हा दर बँकेचं कर्ज आणि घरचं भांडवल मिळून ठरवा. इथे 12 टक्के धरू.

मग एक्सेल. आधी एनपीव्ही काढा, म्हणजे पुढे येणाऱ्या रकमांची आजच्या भावातली बेरीज वजा आजची गुंतवणूक. मोठ्या मशीनची किंमत C2 मध्ये उणे चिन्हासह आणि पुढची सहा वर्षं C3 ते C8 मध्ये असतील, तर सूत्र असं:

```
=NPV(12%,C3:C8)+C2
```

C2 कंसात घातला तर आजची गुंतवणूकही एक वर्ष पुढे ढकलली जाते. मोठ्या मशीनचं उत्तर 4.78 लाखांऐवजी 4.27 लाख आलं, तर चूक इथेच आहे. छोट्याची एनपीव्ही 2.01 लाख येते. आयआरआर, म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होते तो दर, मात्र उलटं सांगतो: छोटं 23.4 टक्के, मोठं 18.8 टक्के.

इथे धाकटा म्हणणारच, "दादा, 23 सोडून 19 वर कशाला जायचं?" त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा. 23.4 टक्के मिळतात ते 10 लाखांवर, तेही पैसे मशीनमध्ये अडकलेले आहेत तोवर. उरलेल्या 14 लाखांचं काय, तीन वर्षांनी काय, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. दर मोठा असला तरी घरी येणारी रक्कम छोटी असू शकते, आणि गाळ्याचं भाडं रकमेतून भरायचं असतं.

तरी 4.78 आणि 2.01 यांची थेट तुलनाही करू नका. ही चूक मला जास्त सलते, कारण ती करणाऱ्याला आपण बरोबर आहोत असंच वाटतं. एक आकडा सहा वर्षांचा आहे, दुसरा तीनचा. छोटं मशीन संपल्यावर त्याच किमतीत तसंच दुसरं घेता येईल असं धरलं, तर दुसऱ्या फेरीचे 2.01 लाख आजच्या भावात 1.43 लाख होतात. एकूण 3.44 लाख. मोठं अजून पुढे आहे, पण फरक 2.77 वरून 1.34 लाखांवर आला.

आता एक स्तंभ फरकाचा करा: मोठ्याच्या रकमेतून छोट्याच्या दोन फेऱ्यांची रक्कम वजा. आज 14 लाख जादा जातात, पुढे दरवर्षी 2 लाख जादा येतात, आणि तिसऱ्या वर्षी 12, कारण तेव्हा दुसऱ्या छोट्या मशीनचे 10 लाख वाचतात. या स्तंभाचा आयआरआर साधारण 15.4 टक्के येतो. आयआरआर वापरायचाच असेल तर हा वापरा. तुमचा पैसा 15.4 टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तर मोठं घ्या, महाग असेल तर छोटं. निम्मी रक्कम चढ्या व्याजाने बाहेरून उचलावी लागणार असेल, तर 12 टक्के धरून काढलेला निकाल टिकणार नाही.

शेवटी गाळ्याचा करार काढून तारीख वाचा. भाड्याची मुदत तीनच वर्षं उरली असेल आणि पुढे जागेची खात्री नसेल, तर सहा वर्षांचं आयुष्य कागदावरच राहतं आणि छोट्याची दुसरी फेरीही उरत नाही. मग दोन्ही मशीनं तीन वर्षांवर मोजा. मोठ्यात 24 लाख घालून तीन वर्षांत आजच्या भावाने 16.81 लाखच परत येतात. छोट्याच्या 2.01 लाखांशी बरोबरी करायला ते तिसऱ्या वर्षाअखेर किमान 12.9 लाखांना विकलं गेलं पाहिजे. जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याला बैठकीआधीच फोन करा, तीन वर्षं वापरलेल्या तशाच मशीनला आज काय भाव मिळतो ते विचारा आणि तो आकडा 12.9 च्या शेजारी लिहून ठेवा.