दबोरेची कथा आणि दबोरेचे गीत: नव्याने शास्त्राभ्यास घेणाऱ्यांसाठी

मंडळीत नव्याने शास्त्राभ्यास घेऊ लागलेल्या प्रत्येकाला मी एकच सुरुवात सुचवते: शास्ते या पुस्तकाचे चौथे व पाचवे अध्याय एका बैठकीत, लागोपाठ वाचा. पवित्र शास्त्रात काव्य, नियम, कथा आणि पत्रे असे निरनिराळे लेखन आहे, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते; परंतु त्या फरकाने वाचनात नेमके काय बदलते हे या दोन अध्यायांइतके स्पष्ट मला अन्यत्र कुठे दिसलेले नाही. एकच लढाई येथे दोनदा सांगितली आहे, चौथ्या अध्यायात कथा म्हणून आणि पाचव्यात गीत म्हणून, आणि दोन्हींचा तपशील जुळत नाही.

कथेत सीसरा हा कनानी राजा याबीन याचा सेनापती आहे आणि त्याच्यापाशी लोखंडाचे ९०० रथ आहेत. इस्राएलाचा न्यायनिवाडा करणारी संदेष्टी दबोरा बाराक नावाच्या इस्राएली योद्ध्याला ताबोर डोंगरावर १०,००० माणसे नेण्यास सांगते. तिच्याशिवाय जाण्यास तो तयार नसतो, तेव्हा ती त्याला बजावते की या मोहिमेचे श्रेय तुला मिळणार नाही, कारण सीसरा एका स्त्रीच्या हाती पडेल. ती स्त्री दबोराच असणार असे वाचकाला वाटते. मग अकराव्या वचनात, लढाईची तयारी ऐन रंगात असताना, केनी कुळातला हेबेर आपल्या भाऊबंदांपासून वेगळा होऊन दूर तंबू ठोकून राहिला होता, अशी अगदी अस्थानी वाटणारी माहिती येते. शास्त्राभ्यासात हे वचन हमखास गाळले जाते, आणि ते गाळू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कथाकार उगाच काही सांगत नाही. सहा वचनांनंतर पराभूत सीसरा पायी पळत येतो तो याच हेबेराच्या तंबूकडे, आणि दारात उभी असते हेबेराची बायको याएल. कथा वाचताना आधी ‘यातून मला काय शिकायचे’ असे न विचारता ‘हे येथेच का सांगितले’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाची घाई झाली की कथा हातातून निसटते.

याएल सीसराला आत घेते, पांघरूण घालते, तो पाणी मागतो तेव्हा दुधाचा बुधला उघडून त्याला पाजते. तो गाढ झोपल्यावर ती तंबूची मेख आणि हातोडा घेऊन हळूच जाते आणि मेख त्याच्या कानशिलात ठोकते. आता पाचव्या अध्यायातील सत्ताविसावे वचन पाहा: तो तिच्या पायांशी वाकला, पडला, निपचित झाला, जेथे वाकला तेथेच पडून ठार झाला. झोपलेला माणूस वाकेल कसा आणि पडेल कसा?

या ठिकाणी मी फार काळ अडकून पडले होते, म्हणून याविषयी थोडे लांबण लावून सांगते. माझ्यापुढे तेव्हा दोनच वाटा दिसत होत्या: दोहोंपैकी एक अध्याय चुकीचा मानायचा, किंवा सीसरा आधी झोपला, मग जागा होऊन उठला आणि मग कोसळला, अशी तिसरीच कथा स्वतः रचायची. ज्यांना मी विचारले त्यांनी ‘विश्वास ठेवा, शंका काढू नका’ एवढेच उत्तर दिले. अशा उत्तराने वाचणाऱ्याचा विश्वास वाढत नाही, त्याचे वाचन मात्र थांबते. ज्या मार्गदर्शकाला वचन उघडून सोबत बसायला वेळ नाही, त्याच्याकडून शास्त्राभ्यास शिकण्याची अपेक्षा धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट खुली होते ती इब्री काव्याची चाल ध्यानात आल्यावर. या काव्याचा मुख्य आधार अन्त्ययमक नसून ओळींची जोडी हा आहे: पहिली ओळ एक गोष्ट म्हणते आणि दुसरी तीच गोष्ट किंचित पुढे सरकवून, अधिक धार लावून पुन्हा म्हणते. रॉबर्ट लाउथ यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत या रचनेची नीट मांडणी केली आणि तेव्हापासून अभ्यासक तिला समांतरता म्हणत आले आहेत. पंचविसावे वचन मोठ्याने वाचून पाहा. त्याने पाणी मागितले, तिने दूध दिले. सरदारांना शोभेल अशा वाडग्यात तिने दही आणले. येथे दूध आणि दही असे दोन पदार्थ एकामागून एक वाढलेले नाहीत. दुसरी ओळ पहिलीलाच वर उचलते: साध्या मागणीला राजेशाही पाहुणचार. सव्विसावे वचन तिचा हात मेखेकडे आणि उजवा हात हातोड्याकडे नेते, आणि त्यानंतर घावाची क्रियापदे एकावर एक येतात. मग सत्ताविसाव्यात वाकणे आणि पडणे पुन्हा पुन्हा येते. कथेत एका वचनात संपलेला क्षण गीत लांबवते, ज्याच्या ९०० रथांनी देश वीस वर्षे दडपला होता तो एका स्त्रीच्या पायांशी कोसळताना ऐकणाऱ्याला दिसत राहावा म्हणून. शरीर कोणत्या स्थितीत होते याची नोंद गीत करीत नाही. ते एका सत्तेचे पतन गाते.

मात्र एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. ‘हे काव्य आहे’ असे म्हटल्याने प्रत्येक विसंगती मिटत नाही, आणि तसे म्हणून अवघड वचन बाजूला सारणे हीसुद्धा पळवाटच आहे. हे गीत इब्री भाषेतील अतिप्राचीन काव्यांपैकी एक असावे असे अनेक अभ्यासक मानतात, आणि काहींच्या मते त्यात त्या घटनेची कथेहून वेगळी, स्वतंत्र आठवण जपलेली आहे. गीत केवळ भावना सांगते असेही नाही. लोखंडी रथ असूनही सीसराला रथातून उतरून पायी का पळावे लागले, याचे कारण कथा परमेश्वराने त्याच्या सैन्याची दाणादाण उडवली एवढ्यावर ठेवते. गीतात मात्र मेघ पाणी ओततात आणि किशोन नदीचा लोंढा शत्रूला वाहून नेतो. पाण्याने भरलेल्या सखल जमिनीत रथांची चाके रुतली असावीत, हा अंदाज आपल्याला गीतामुळेच करता येतो. त्याच गीतात तारे आपापल्या कक्षांतून सीसराशी लढतात, आणि त्या ओळीवरून खगोलशास्त्र मांडायचे नसते. एकाच कवनात दोन्ही आहे. म्हणून ओळ-ओळ जोडीने, सावकाश आणि मोठ्याने वाचण्याला पर्याय नाही. तुमच्या प्रतीत हे गीत गद्यासारखे सलग छापलेले असेल, तर वहीत ओळी तोडून लिहून काढा. हे काम कंटाळवाणे आहे, पण जोड्या डोळ्यांना दिसू लागतात त्या त्यातूनच.

यानंतर शास्त्राभ्यासात कोणीतरी विचारतेच: आसरा मागणाऱ्याला फसवून मारणे मग देवाला मान्य आहे का? कथाकार याएलीच्या कृत्यावर एका शब्दाचाही निवाडा देत नाही. गीत तिला स्त्रियांमध्ये धन्य म्हणते, पण तो दबोरा आणि बाराक यांचा, नुकत्याच सुटका झालेल्या लोकांचा विजयस्वर आहे. त्यातून ‘तूही असे कर’ अशी आज्ञा निघत नाही. आपल्याकडच्या मीमांसकांनीही वेदवाक्ये वाचताना विधी आणि अर्थवाद, म्हणजे आज्ञा आणि स्तुतिपर वा निंदापर कथन, यांत भेद केला होता, हे मराठी वाचकाला ठाऊक असेल तर हा मुद्दा त्याला परका वाटणार नाही.

आज्ञा हवी असेल तर नियमांकडे जावे, आणि नियमही त्यांच्या पद्धतीनेच वाचावेत. अनुवाद या पुस्तकातील २२:८ घ्या. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या प्रदेशात घराचे छप्पर सपाट असे आणि माणसे तेथे बसत, निजत. ज्याच्या घरावर उतरते पत्रे किंवा कौले आहेत त्याने या नियमाचे काय करायचे? अक्षरशः पाळायला त्याच्याजवळ गच्चीच नाही. पण नियम कोणता धोका टाळतो आणि जबाबदारी कोणावर टाकतो असे विचारले, तर उत्तर स्वच्छ मिळते: आपल्या घरी आलेल्या माणसाच्या जिवाची काळजी घरधन्याने आधीच घ्यायची आहे. हा नियम मनात ठेवून याएलीच्या तंबूकडे परत या. पाहुणा चुकून पडू नये म्हणून कठडा बांधायला लावणाऱ्या शास्त्रातच एक पाहुणा पांघरुणाखाली मारला जातो. नियम कथेचा निकाल लावीत नाही, परंतु तिच्यातील अस्वस्थता खरी आहे हे तो आपल्याला जाणवू देतो. ती अस्वस्थता गटासमोर घाईने मिटवू नका.

राहिली पत्रे. पौलाची पत्रे पत्र म्हणून वाचायची असतात हे बहुतेकांना माहीत असते, पण यिर्मयाचा २९ वा अध्याय हेही एक पत्र आहे याकडे लक्ष जात नाही. त्याचे अकरावे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरांवर, शुभेच्छापत्रांवर आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या संदेशांत एकटे फिरते: तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याच्या आहेत. विषयवार निवडलेल्या सुट्या वचनांच्या याद्या मी नवख्यांच्या हाती देत नाही, त्याचे कारण हेच वचन आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, सरदार आणि कारागीर धरून नेले. त्या बंदिवानांना यिर्मयाने हे पत्र यरुशलेमेहून पाठवले. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. पत्र त्याच्या उलट बोलते: घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्याच्या लगेच आधी, दहाव्या वचनात, मुदत येते: सत्तर वर्षे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना घरी परतणे दिसणार नव्हते. आशेचे वचन खोटे ठरत नाही, पण ते कोणाला, किती लांबच्या पल्ल्याचे आणि कोणत्या खोट्या दिलाशाला उत्तर म्हणून दिले होते, हे कळल्याशिवाय आपण ते आजारी माणसाच्या उशाशी वाचू नये. कळल्यावर मात्र अवश्य वाचावे. ज्याचे दुखणे दोन दिवसांत बरे होणारे नाही, त्याला हेच वचन पुरते हे मी पाहिले आहे.

पत्र वाचताना आणखी एक करावे: ते मिळालेल्यांनी काय केले हे शोधावे. बहुतेक पत्रांबाबत ते कळत नाही, येथे कळते. बाबेलात शमाया नावाच्या एका माणसाने यिर्मयाचे पत्र ऐकले आणि तो इतका संतापला की त्याने यरुशलेमेतील याजकाला उलट पत्र लिहिले: हा मनुष्य आम्हाला घरे बांधा आणि बागा लावा म्हणून कळवतो, बंदिवास लांबेल असे सांगतो, त्याला अजून खोड्यात का घातले नाही? ते अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत वाचा, आणि अकरावे वचन गटाला समजावून सांगण्याची वेळ येईल तेव्हा आधी शमायाची तक्रार मोठ्याने वाचून घ्या.