लाँग रनमध्ये जेलमुळे पोट बिघडतं? या चुका टाळा

‘मला जेल सोसत नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेक धावपटूंच्या पोटात काहीच दोष नसतो. धावताना ऊर्जेसाठी घ्यायचं हे पाकिटातलं जेल किती वेळात किती घेतलं, त्यावर पाणी किती प्यायलं आणि शर्यतीआधी पोटाला त्याची सवय लावली होती का, या तीनपैकी निदान एक गोष्ट चुकलेली असते. एक नेहमी दिसणारं उदाहरण आधी मांडू, त्यात जवळपास सगळ्या चुका सापडतात.

साडेचार तासांत मॅरेथॉन संपवायचं लक्ष्य आहे, म्हणजे पेस किलोमीटरला साधारण ६:२४. ‘सुरुवातीला ताकद असतेच’ म्हणून धावपटू अर्ध्या अंतरापर्यंत काहीच घेत नाही. २१व्या किलोमीटरला पहिलं जेल, मग २४ला दुसरं, २७ला तिसरं. मधल्या टेबलांवर साध्या पाण्याऐवजी तो स्पोर्ट्स ड्रिंक घेतो, सगळं मिळून ३०० मिली. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास मळमळ सुरू होते, पुढे पोटात कळा येतात आणि उरलेलं अंतर चालत काढावं लागतं.

आता हिशोब करू. एका जेलमध्ये २५ ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे तीन जेलचे ७५. ड्रिंक सहा टक्क्यांचं असेल तर त्याचे १८. एकूण ९३ ग्रॅम. साडेचार तासांवर पसरले तर ताशी जेमतेम २१ ग्रॅम होतात, म्हणजे फारच कमी. पण पोटाला सरासरी कळत नाही. त्याच्याकडे हे ९३ ग्रॅम अवघ्या चाळीसेक मिनिटांत आले, म्हणजे ताशी जवळपास १४० ग्रॅमच्या वेगाने. इतकं पचवणं सरावलेल्या पोटालाही अवघड आहे. स्नायूंना कमी मिळालं आणि आतड्यांवर मात्र मारा झाला, अशी दोन्हीकडून गफलत झाली.

चूक पहिली: पाकिटाचं वजन म्हणजेच कार्ब्ज समजणं

पाकिटावर ४० ग्रॅम लिहिलेलं असतं ते अख्ख्या जेलचं वजन. त्यातले कार्ब्ज बऱ्याचदा २० ते २५ ग्रॅमच असतात. काही मोठ्या पाकिटांत मात्र खरोखरच ४० ग्रॅम कार्ब्ज भरतात. मागच्या तक्त्यात ‘प्रति पाकीट’ असलेला कार्बोहायड्रेटचा आकडा पाहा आणि हिशोबात तोच धरा. काही तक्त्यांत फक्त ‘प्रति १०० ग्रॅम’ आकडे असतात, तिथे हमखास घोटाळा होतो.

चूक दुसरी: आकडा दुसऱ्याचा उचलणं

एक ते अडीच तासांच्या धावण्याला ताशी ३० ते ६० ग्रॅम ही रूढ शिफारस आहे. त्याहून लांब धावताना सराव असेल तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. अव्वल धावपटू याहूनही जास्त घेतात, पण त्यांचा वेग मोठा असल्यामुळे ते कार्ब्ज जाळतातही तितक्याच झपाट्याने. साडेचार-पाच तासांच्या मॅरेथॉनला आमच्या मते ४५ ते ६० ग्रॅम पुरेसे आहेत. त्यापुढच्या प्रत्येक दहा ग्रॅममागे पोटाचा धोका वाढतो, फायदा मात्र फारसा वाढत नाही.

वजन जास्त म्हणून जेल जास्त, हाही गैरसमज आहे. इथे मर्यादा घालतं ते आतडं, आणि ती शरीराच्या वजनानुसार फारशी बदलत नाही.

साठ ग्रॅमच्या सीमेमागे ठोस कारण आहे. ग्लुकोज आतड्यातून रक्तात नेणारे वाहक वेगळे आणि फ्रुक्टोज नेणारे वेगळे. ग्लुकोजचे वाहक ताशी साधारण ६० ग्रॅमला भरतात. त्यापुढे ग्लुकोज किंवा ग्लुकोजच्याच साखळ्यांचं बनलेलं माल्टोडेक्स्ट्रिन कितीही घेतलं तरी ते रांगेत अडकून पडतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे दोन्ही एकत्र असतील तर पुढे जाता येतं. म्हणून ताशी साठाच्या वर जायचं असेल तर घटकांमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन किंवा ग्लुकोजसोबत फ्रुक्टोज आहे का ते बघा. दोन भाग ग्लुकोजला एक भाग फ्रुक्टोज हे जुनं प्रमाण आहे, नव्या उत्पादनांत फ्रुक्टोज त्याहून थोडं जास्त असतं. फ्रुक्टोज मुळातच न सोसणारी माणसंही असतात. त्यांनी फ्रुक्टोजविरहित जेल घेऊन साठाच्या आत राहावं.

चूक तिसरी: जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक

बरीच पोटं या चुकीने बिघडतात. साधं जेल फार घट्ट असतं. ते तसंच आतड्यात उतरलं की त्याला पातळ करायला शरीर स्वतःचंच पाणी आतड्यात ओढतं. पोट फुगतं, गुरगुरतं, कळा येतात. आधीच घामाने पाणी गेलेलं असतं, त्यात ही भर. आतड्यांना सोसणारं द्रावण सहा ते आठ टक्क्यांचं, फार तर दहाचं. वरच्या उदाहरणात ९३ ग्रॅम कार्ब्जसोबत ३०० मिली ड्रिंक आणि जेलमधलं थोडंसं पाणी होतं, म्हणजे द्रावण सत्तावीस टक्क्यांच्या घरात गेलं.

उपाय सरळ आहे. जेलवर साधं पाणीच प्यायचं, अर्ध्या जेलला साधारण १२० मिली. स्पोर्ट्स ड्रिंक घ्यायचं असेल तर तेव्हा जेल नाही, आणि त्यातले कार्ब्ज ताशी हिशोबात मोजायचे. पाणी जबरदस्तीने ढोसायचंही नाही. लाँग रननंतर वजन धावण्याआधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर पाणी गरजेपेक्षा जास्त होतंय.

चूक चौथी: पोटाला सराव न देणं

पायांसाठी सोळा आठवडे आणि पोटासाठी शून्य, हा हिशोब जमत नाही. धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्यांचा वाटा घटतो. वेग, ऊन आणि शरीरातलं कमी पाणी यांनी तो आणखी घटतो. तरीही आतडं शिकतं. नियमित कार्ब्ज मिळाले की जठर लवकर रिकामं होतं आणि ग्लुकोजचे वाहक वाढतात. धावपटूंवरच्या प्रयोगांत दोन आठवड्यांच्या सरावानेही त्रास कमी झालेला दिसला आहे. याची दुसरी बाजू अशी की रोजच्या जेवणातले कार्ब्ज तोडले किंवा प्रत्येक लाँग रन उपाशीपोटी केला, तर वाहक वाढायला कारणच उरत नाही.

वरच्या धावपटूसाठी आठ आठवड्यांची तालीम अशी बसवता येईल. घोट ठरलेला, अर्धं जेल म्हणजे साडेबारा ग्रॅम. बदलायचं फक्त दोन घोटांमधलं अंतर. पहिले दोन आठवडे दर २५ मिनिटांनी, म्हणजे ताशी ३० ग्रॅम. पुढचे दोन दर २० मिनिटांनी, साधारण ३८ ग्रॅम. मग दर १५ मिनिटांनी, ५० ग्रॅम. आठवड्याचा लाँग रन आणि मधला एखादा तासाभराचा रन, दोन्हींत हेच करायचं. पहिला घोट पंधराव्या ते पंचविसाव्या मिनिटाला, भूक किंवा थकवा जाणवण्याची वाट न पाहता. एखाद्या टप्प्यावर त्रास झाला तर पुढे न सरकता तोच टप्पा आणखी एक आठवडा.

सातव्या-आठव्या आठवड्यात प्रमाण वाढवायचं नाही. लाँग रनमधले शेवटचे ८ ते १० किलोमीटर शर्यतीच्या पेसने धावायचे आणि घोट तसेच चालू ठेवायचे. आरामाच्या पेसला गुमान पचणारं जेल शर्यतीच्या पेसला उलटतं, ते इथेच कळायला हवं. शर्यतीआधी सराव कमी करतानाही आठवड्यातून एकदा जेल घेऊन धावा.

अर्धं पाकीट हातात धरून धावणं चिकट काम आहे. ते टाळायचं तर दोन जेल मऊ बाटलीत पिळा, पाणी घालून सगळं २५० मिली करा आणि हलवा. बाटलीचा चौथा भाग म्हणजे एक घोट. हे द्रावण वीस टक्क्यांचं आहे, तेव्हा वरून साधारण ६० मिली साधं पाणी लागेलच.

शर्यतीत ०:१५ पासून ४:१५ पर्यंत दर पंधरा मिनिटांनी घोट धरले तर सतरा घोट होतात, म्हणजे साडेआठ जेल आणि २१२ ग्रॅम. सरासरी ताशी ४७. त्याच धावपटूने आधी घेतलेल्या कार्ब्जच्या दुपटीहून जास्त, आणि तरी पोटावर कुठल्याच क्षणी ताशी पन्नासपेक्षा जास्त ओझं नाही. घड्याळात दर पंधरा मिनिटांचा अलार्म लावा. किलोमीटरवर मोजू नका, कारण चढावर किंवा शेवटी पेस पडला की दोन घोटांमधलं अंतर आपोआप लांबतं.

त्रास कुठे होतोय ते ओळखा

जेल घेतल्यावर छातीखाली जड वाटतं, पाणी डचमळतं, ढेकर आणि मळमळ येते, तेव्हा गाडी जठरात अडलेली असते. एकदम मोठा डोस, फार वेग, ऊन, किंवा धावण्याआधीचं तेलकट आणि तंतुमय खाणं ही त्याची कारणं. बेंबीखाली कळा, गुरगुर, वारा आणि घाईची शौचाची भावना असेल तर न शोषलेली साखर पुढे सरकलेली आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, त्याचा वायू होतो. इथे ताशी प्रमाण, पाणी आणि फ्रुक्टोज तपासा. नेहमीचं जेल सोसतं पण एकाच प्रकाराने शौचाला पळावं लागतं, असं झालं तर त्यात कॅफीन आहे का बघा. पुढच्या रनला एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

दुखू नये म्हणून आधीच आयबुप्रोफेनची गोळी घेऊन धावणं टाळा. धावण्याने आतड्याच्या अस्तराला होणारी इजा त्याने वाढते. शौचातून रक्त गेलं किंवा रन संपल्यावरही उलट्या थांबल्या नाहीत तर ते डॉक्टरांना दाखवायला हवं. मधुमेह असेल तर ताशी ग्रॅमचा आकडाही त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

शर्यतीत पोट बिघडलंच तर जेल थांबवा आणि दहा ते पंधरा मिनिटं पेस कमी करून साधं पाणी घोट-घोट घ्या. आतड्यांकडे रक्त परतलं की मळमळ ओसरते. मग पाव जेलपासून पुन्हा सुरू करा. चुकलेले घोट भरून काढायला दोन एकदम घेऊ नका.